जिनिंग चालवायची की कुलूप लावायचं? सीमांत खर्चातून पुरवठा वक्र काढताना

'पूर्ण स्पर्धेतील उत्पादनसंस्थेचा अल्पकालीन पुरवठा वक्र आकृतीसह स्पष्ट करा.' हा प्रश्न पेपरात आला की पोरं दोन वाटीसारखे वक्र काढतात, एक रेघ ठळक करतात आणि पाच मार्क घेऊन मोकळी होतात. पण 'दर ८७० रुपये झाला तर हा माणूस किती माल काढेल?' असं विचारलं की बहुतेक जण अडकतात. म्हणून इथे आकृती शेवटी ठेवली आहे. आधी एका जिनिंगचा हिशेब मांडू, त्यातून वक्र आपोआप निघतो.

जळगाव, जामनेर, धरणगाव, चोपडा या पट्ट्यात राहणाऱ्याला जिनिंग समजावून सांगावी लागत नाही. बाहेरच्या वाचकासाठी एवढंच: शेतकऱ्याचा कापूस येतो, रेचणीत सरकी आणि रुई वेगळी होते, मग रुई प्रेसमध्ये दाबून तिची १७० किलोची गाठ बांधतात. अशा एका गाठीला साधारण पाच क्विंटल कापूस लागतो.

आपली जिनिंग फक्त मजुरीवर चालते असं धरू. कापूस व्यापाऱ्याचा, रुई व्यापाऱ्याची, सरकीही त्याचीच. आपल्याला मिळतो तो गाठीमागे रेचणी आणि प्रेसिंगचा दर. हे मुद्दाम निवडलं, कारण त्यामुळे 'किंमत' म्हणजे एकच आकडा राहतो. स्वतः कापूस घेऊन रुई विकणाऱ्याचा हिशेब जरा फिरतो, त्याकडे नंतर येऊ.

पहिली पायरी: दर आपल्या हातात आहे का ते बघा

आजूबाजूला बऱ्याच जिनिंगा आहेत आणि सगळ्यांची गाठ व्यापाऱ्याच्या दृष्टीने सारखीच आहे. आपण दर पन्नास रुपयांनी वाढवला तर व्यापाऱ्याचा ट्रक शेजारच्या फाटकातून आत जातो. कमी करायची गरज नाही, कारण चालू दराला आपल्याला हवं तेवढं काम मिळतंच. म्हणजे दर बाजार ठरवतो आणि आपण ठरवायचं ते फक्त 'आज किती गाठी'. अर्थशास्त्रात याला किंमत स्वीकारणारी संस्था म्हणतात. पुढचं सगळं या गृहीतावर उभं आहे. पन्नास किलोमीटरच्या आत एकच जिनिंग असेल तर हा लेख तिला लागू नाही. दर ठरवणारा माणूस 'या दराला किती' असा विचारच करत नाही, तो दर आणि माल एकाच वेळी ठरवतो. त्याला पुरवठा वक्र नसतो.

दुसरी पायरी: खर्चाचे दोन ढीग करा

आपल्या मालकाने जिनिंग हंगामापुरती भाड्याने घेतली आहे. १२० दिवसांचे २१,६०,००० रुपये दसऱ्यालाच मोजून दिले, म्हणजे दिवसाला १८,००० रुपये. करारात लिहिलंय की मध्येच सोडली तर एक रुपयाही परत नाही आणि दुसऱ्याला चालवायला देता येणार नाही. (लेखातले सगळे रुपये समजण्यासाठी धरलेले आहेत. खऱ्या जिनिंगच्या वह्यांत ते वेगळे निघतील, पण आकार असाच निघेल.)

हा पहिला ढीग: स्थिर खर्च. आज शून्य गाठी निघाल्या काय आणि शंभर निघाल्या काय, तो १८,०००च. शिवाय तो बुडीत आहे, म्हणजे आज काहीही ठरवलं तरी परत मिळणार नाही. स्थिर आणि बुडीत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सध्या त्या एकत्र पडल्या आहेत एवढंच, आणि त्या वेगळ्या झाल्या की काय होतं ते पुढे येईलच.

दुसरा ढीग बदलत्या खर्चाचा: कापूस ओढणारे आणि गाठी बांधणारे मजूर, युनिटप्रमाणे येणारी वीज, गाठीवरचं कापड आणि पट्ट्या, रोलरची झीज. जिनिंग बंद ठेवली तर हा सगळा शून्य. मजूर रोजंदारीवर आहेत असं धरलंय.

तिसरी पायरी: दहा-दहा गाठींनी खर्च वाढवत न्या

आता दिवसाला १० गाठी काढल्या तर बदलता खर्च किती, २० काढल्या तर किती, असा तक्ता मांडायचा. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आहे. तो आधीच्या ओळीतून वजा करून मिळतो: शेवटच्या दहा गाठींसाठी जास्तीचे किती रुपये लागले, भागिले दहा. हाच सीमांत खर्च. चौथा रकाना म्हणजे एकूण बदलता खर्च भागिले एकूण गाठी, म्हणजे सरासरी बदलता खर्च.

| दिवसाच्या गाठी | एकूण बदलता खर्च (रु.) | शेवटच्या दहांचा सीमांत खर्च, गाठीमागे (रु.) | सरासरी बदलता खर्च, गाठीमागे (रु.) |
|---|---|---|---|
| १० | ११,५०० | १,१५० | १,१५० |
| २० | २१,२०० | ९७० | १,०६० |
| ३० | २९,७०० | ८५० | ९९० |
| ४० | ३७,६०० | ७९० | ९४० |
| ५० | ४५,५०० | ७९० | ९१० |
| ६० | ५४,००० | ८५० | ९०० |
| ७० | ६३,७०० | ९७० | ९१० |
| ८० | ७५,२०० | १,१५० | ९४० |
| ९० | ८९,१०० | १,३९० | ९९० |
| १०० | १,०६,००० | १,६९० | १,०६० |

तिसऱ्या रकान्यावरून बोट फिरवा. सीमांत खर्च आधी उतरतो, मग चढतो. हे 'पुस्तकात तसं लिहिलंय' म्हणून होत नाही. पहिल्या दहा गाठींसाठीसुद्धा प्रेसवर पूर्ण टोळी लागते, मोटारी पूर्ण फिरतात, आणि माणसं अर्धा वेळ तंबाखू मळत बसलेली असतात. पुढच्या गाठींना त्याच टोळीचा रिकामा वेळ वापरला जातो, म्हणून त्या स्वस्त पडतात. चाळीस-पन्नासच्या आसपास रेचण्या, प्रेस आणि माणसं यांचा मेळ बसतो. त्यापुढे रेचण्या तेवढ्याच राहतात आणि काम मात्र वाढत जातं. रात्रपाळी लावावी लागते, तिचा रोज जास्त. रोलर सलग फिरून तापतात, त्यांच्या कातडी चकत्या लवकर झिजतात आणि खाचा पुन्हा पाडून घ्याव्या लागतात. प्रेससमोर रुई साचते आणि ती हलवायला आणखी माणसं लागतात. मंजूर मागणीच्या वर भार गेला की वीजबिलात दंड लागतो तो वेगळाच. शेवटच्या दहा गाठी गाठीमागे १,६९० रुपयांना पडतात त्या यामुळे.

तक्ता बरोबर आहे का ते तपासायचे दोन उपाय. सीमांत खर्च दहाने गुणून वरून खाली बेरीज केली की त्या ओळीचा एकूण बदलता खर्च यायलाच हवा. पहिल्या तीन ओळी बघा: ११,५०० + ९,७०० + ८,५०० म्हणजे २९,७००. जुळलं. दुसरा उपाय: सीमांत खर्च सरासरीपेक्षा कमी आहे तोवर सरासरी उतरत राहते, तो वर गेला की सरासरी चढायला लागते. आपल्याकडे साठाव्या गाठीपर्यंत सीमांत ८५०, म्हणजे सरासरीच्या खाली. पुढच्या दहांचा ९७०, म्हणजे वर. त्यामुळे सरासरी साठला तळाशी, ९०० रुपये. तुमच्या आकृतीत सीमांत खर्चाची रेघ सरासरी बदलत्या खर्चाच्या रेघेला तळाशी न छेदता कुठेतरी बाजूला छेदत असेल, तर आकृती चुकली आहे, दुसरं काही शोधू नका.

आणि हे लक्षात आलं का, की तक्त्यात १८,००० रुपये कुठेच नाहीत? सीमांत खर्च वजाबाकीतून येतो आणि जो खर्च दोन्ही ओळींत सारखाच आहे तो वजाबाकीत उडून जातो.

चौथी पायरी: एक दर घ्या आणि प्रत्येक दहाला विचारा

समजा आज दर गाठीमागे १,२६० रुपये आहे. सातव्या दहाचा खर्च ९७०, मिळणार १,२६०, काढा. आठव्या दहाचा १,१५०, काढा. नवव्या दहाचा १,३९०. त्या दहा गाठींवर गाठीमागे १३० रुपये घरातून घालावे लागतील, म्हणून नको. उत्तर ८० गाठी. उत्पन्न १,००,८००, बदलता खर्च ७५,२००, उरले २५,६००. त्यातून भाड्याचे १८,००० गेले की नफा ७,६००.

इथे नवशिका माणूस म्हणतो, 'पण नव्वद गाठींचा सरासरी बदलता खर्च ९९०च आहे की! दर १,२६०. मग नव्वद का नकोत?' करून बघा. ९० गाठींचं उत्पन्न १,१३,४००, खर्च ८९,१००, उरले २४,३००. म्हणजे १,३०० रुपये कमी. किती काढायचं हा प्रश्न सीमांत खर्चाचा आहे, सरासरीचा नाही. सरासरीचं काम वेगळं आहे आणि ते पुढच्या पायरीत येतं.

आणखी एक फसवी जागा आहे. दर ९७० असेल तर 'दर बरोबर सीमांत खर्च' ही अट दोन ठिकाणी जुळते: दुसऱ्या दहाला आणि सातव्या दहाला. पहिल्या ठिकाणी थांबलात तर २० गाठींचे १९,४०० मिळतील आणि खर्च २१,२०० होईल, म्हणजे १,८०० रुपये अंगावर. सातव्या दहापर्यंत गेलात तर ६७,९०० मिळतील, खर्च ६३,७००, ४,२०० रुपये हातात. उतरत्या बाजूला थांबणं म्हणजे महाग गाठी काढून झाल्यावर स्वस्त गाठींची वेळ आली असताना जिनिंग बंद करणं. म्हणून पुरवठा वक्राला सीमांत खर्चाची फक्त चढती बाजू घ्यायची. बीजगणिताने सोडवणाऱ्यांना वर्गसमीकरणाची दोन उत्तरं येतात, त्यांनी मोठं घ्यायचं, ते याच कारणाने. या तक्त्यामागचं सूत्र असं, त्यात q म्हणजे दिवसाच्या गाठी, VC म्हणजे एकूण बदलता खर्च, MC म्हणजे सीमांत खर्च आणि AVC म्हणजे सरासरी बदलता खर्च:

```
VC = 1260q − 12q² + 0.1q³
MC = 1260 − 24q + 0.3q²
AVC = 1260 − 12q + 0.1q²
```

सूत्रातला सीमांत खर्च एका नेमक्या गाठीवरचा असतो आणि तक्त्यातला दहा गाठींवरचा, म्हणून दोन्हीत थोडा फरक दिसेल. ७० गाठींवर सूत्र १,०५० देतं, तक्त्यात त्याच्या मागच्या दहाचा ९७० आणि पुढच्या दहाचा १,१५० आहे. मधोमध बसलंय, म्हणजे ठीक आहे.

पाचवी पायरी: आता खालच्या दराला जा, खरी गंमत तिथे आहे

जानेवारीत आवक घटली आणि दर १,०५० वर आला असं धरा. तक्त्याप्रमाणे सातव्या दहापर्यंत जायचं: ७० गाठी. उत्पन्न ७३,५००, बदलता खर्च ६३,७००, उरले ९,८००. भाडं १८,०००. म्हणजे ८,२०० रुपये तोटा, रोजचा.

अशा वेळी जिनिंगच्या ऑफिसात जे बोलणं होतं ते मी बऱ्याचदा ऐकलंय. मालक गादीवर, समोर मुनीम वही उघडून बसलेला.

"शेठ, काल पण आठ हजार मायनस."

"मग बंद करून टाका ना! भाडं तर निघालं पाहिजे, भाऊ. भाडंच निघत नसेल तर कशाला चालवायची?"

"बंद केली तर अठरा हजार मायनस, शेठ."

मुनिमाने अर्थशास्त्राचं पुस्तक उघडलेलं नसतं, पण बंद बिंदूचं प्रमेय त्याने एका वाक्यात सांगितलेलं असतं. भाड्याचे पैसे दसऱ्यालाच गेले. आज कुलूप लावलं तरी ते गेलेत, रात्रपाळी लावली तरी गेलेत. आज निवड आहे ती ८,२०० चा तोटा आणि १८,००० चा तोटा यांत. चालवल्याने बदलता खर्च पूर्ण भागून वर ९,८०० रुपये उरतात, आणि ते भाड्याच्या खड्ड्यात माती टाकायला उपयोगी पडतात. खड्डा भरत नाही हे खरं, पण म्हणून ती माती फेकून द्यायची नसते.

शेठजींचा आकडा, म्हणजे भाड्यासकट सगळं निघेल असा दर, या तक्त्यात १,१६५ रुपये आहे: ८० गाठींना ७५,२०० अधिक १८,०००, भागिले ८०. तो ना नफा ना तोटा बिंदू. हंगामाच्या सुरुवातीला, करारावर सही करण्याआधी, हा आकडा बघायचा असतो. सही झाल्यावर तो रोजच्या निर्णयातून बाद होतो. शेठजी चूक नाहीत, त्यांचा प्रश्न फक्त तीन महिने उशिरा विचारलेला आहे.

दर आणखी उतरून ९०० झाला तर ६० गाठींचे ५४,००० मिळतात आणि बदलता खर्चही बरोबर ५४,०००. चालवली काय, बंद ठेवली काय, तोटा १८,०००च. हाच बंद बिंदू: सरासरी बदलत्या खर्चाचा तळ.

आणि सुरुवातीला विचारलेला ८७० चा दर? इथे सीमांत खर्चाचा नियम एकटा वापरला तर तो फसवतो. सहाव्या दहाचा खर्च ८५०, दर ८७०, म्हणजे नियम म्हणतो ६० गाठी काढा. काढल्या तर ५२,२०० मिळतात आणि खर्च ५४,०००. भाड्याच्या १८,००० वर आणखी १,८०० रुपयांची भर, एकूण तोटा १९,८००. मधल्या दहांवर वीस ते ऐंशी रुपये सुटतात खरे, पण पहिल्या दोन दहांवर गाठीमागे २८० आणि १०० रुपये जातात ते भरून निघत नाहीत. आणि पहिल्या वीस गाठी वगळून एकविसाव्यापासून सुरुवात करता येत नाही. म्हणून उत्तर शून्य.

थोडक्यात क्रम असा लावायचा: आधी सीमांत खर्चावरून सगळ्यात चांगली गाठींची संख्या काढायची, मग तिथल्या सरासरी बदलत्या खर्चाशी दर ताडून बघायचा. दर खाली असेल तर ती संख्या खोडून शून्य लिहायचं. परीक्षेत बहुतेकांची दुसरी तपासणी राहून जाते.

सहावी पायरी: बिंदू कागदावर उतरवा

आडव्या अक्षावर गाठी, उभ्या अक्षावर रुपये. ९०० च्या खाली पुरवठा शून्य, म्हणजे रेघ उभ्या अक्षालाच चिकटून वर चढते. ९०० ला ती एकदम उडी मारून ६० गाठींवर जाते. ९७० पर्यंत ६०, तिथून १,१५० पर्यंत ७०, मग १,३९० पर्यंत ८०, मग १,६९० पर्यंत ९०, आणि त्याच्यावर १००. दहाच्या ऐवजी एकेका गाठीने हिशेब केला की या पायऱ्या गुळगुळीत होतात आणि सीमांत खर्चाची चढती रेघ मिळते, ९०० पासून वरची. झाला पुरवठा वक्र.

त्या उडीकडे जरा थांबून बघा, कारण पाठ केलेल्या आकृतीत ती कुणी दाखवत नाही. ही जिनिंग कोणत्याही दराला दिवसाला २० किंवा ४० गाठी काढणार नाही. काढली तर किमान ६०, नाहीतर काहीच नाही. जिनिंगा एक तर धडधडत असतात नाहीतर फाटकाला साखळी असते, मंद आचेवर चालणारी क्वचितच दिसते, यामागचं एक मोठं कारण हे आहे. मात्र तालुक्यातल्या सगळ्या जिनिंगांचे पुरवठे दराच्या ओळीने बेरजेत घेतले तर ही उडी बरीच झाकली जाते. कुणाच्या रेचण्या नव्या, कुणाची वीज कमी खाते, कुणाचे मजूर गावातलेच. प्रत्येकीचा बंद बिंदू वेगळा. दर उतरत जातो तशा एकेक करून त्या गळतात.

वक्र समजला की नाही हे स्वतःच तपासा. जिनिंग भाड्याने देणाऱ्या मूळ मालकाने पुढच्या वर्षीचं भाडं २१ लाख ६० हजारांवरून ३० लाख केलं आणि आपण ते भरून मोकळे झालो, तर हा वक्र किती सरकेल? अजिबात नाही. ना नफा ना तोटा बिंदू वर जाईल, बंद बिंदू ९०० वरच राहील. आणि कापड-पट्ट्यांचा खर्च गाठीमागे ५० रुपयांनी वाढला तर? तिसरा आणि चौथा दोन्ही रकाने पन्नासने वर, बंद बिंदू ९५०, सगळा वक्र पन्नासने वर. पहिल्या प्रश्नाला 'थोडा सरकेल' असं उत्तर आलं असेल तर तिसऱ्या पायरीतली वजाबाकी पुन्हा वाचा.

खर्च खरंच बुडीत आहे का?

आतापर्यंत करारातली एक अट आपण निमूटपणे मानली: दुसऱ्याला चालवायला देता येणार नाही. आता ती काढून टाकू. समजा शेजारच्या गावातला एक जण म्हणतो, 'तुम्ही चालवत नसाल तर मला द्या, रोजचे ९,८०० देतो.' भाडं अजूनही दिवसाला १८,०००च आहे, स्थिरच आहे. पण आता ते पूर्ण बुडीत राहिलं नाही. बंद केल्यावर त्यातले ९,८०० परत येतात, बुडतात फक्त ८,२००.

मग बंद बिंदूही हलतो. स्वतः चालवायची तर बदलता खर्च निघालाच पाहिजे, शिवाय सोडून दिलेले ९,८००ही निघाले पाहिजेत. ७० गाठींना ६३,७०० अधिक ९,८००, भागिले ७०: १,०५० रुपये. ६० किंवा ८० गाठींनी करून बघा, आकडा यापेक्षा जास्तच येतो. म्हणजे ज्या १,०५० च्या दराला मुनीम 'चालवा' म्हणत होता, तिथेच आता चालवणं आणि देऊन टाकणं बरोबरीत आलं. त्याच्या खाली पोटभाड्याने दिलेली बरी. वक्राची रेघ तीच, फक्त ती ९०० ऐवजी १,०५० ला सुरू होते आणि उडी शून्यावरून ७० वर जाते.

'बंद बिंदू म्हणजे सरासरी बदलत्या खर्चाचा तळ' हे वाक्य सगळा स्थिर खर्च बुडीत असतानाच खरं आहे, आणि पाठ्यपुस्तकात ही अट अनेकदा बारीक अक्षरात असते. वहीतल्या प्रत्येक स्थिर खर्चासमोर एकच प्रश्न लिहायचा: उद्या फाटक बंद केलं तर हा वाचतो का? महिन्याच्या पगारावरचा फिटर लगेच कमी करता येत असेल तर त्याचा पगार बंद बिंदूच्या हिशेबात धरायचा. हंगामभराचा विमा उतरवून झालाय आणि हप्ता परत मिळत नाही, तर तो सोडून द्यायचा. वीजजोडणीचा मागणी आकार जोडणी चालू असेपर्यंत येतच राहतो, त्यामुळे चार दिवसांच्या बंदसाठी तो बुडीतच.

उलट बाजूची चूक स्वतः कापूस घेणाऱ्याकडून होते. गोदामात कापूस पडलाय, पैसे देऊन झालेत, म्हणून 'तो खर्च तर झालाच' असं म्हणून तो हिशेबातून काढला जातो. पण भाड्यासारखा तो बुडालेला नाही. आज तो कापूस तसाच्या तसा दुसऱ्या जिनिंगला विकता येतो. म्हणून गाठीमागे पाच क्विंटल कापूस आजच्या भावाने सीमांत खर्चात धरायचा. दिवाळीला घेतला त्या भावाने नाही, आणि फुकट तर नाहीच. भाव पडला असेल तर जुन्या आणि आजच्या भावातला फरक तेवढा बुडीत. तो डोळ्यांना कितीही खुपला तरी आज रेचायचं की नाही हे त्यावरून ठरत नाही.

एक मर्यादा उरली. आपण प्रत्येक दिवस सुटा धरला, जणू आज कुलूप लावलं आणि उद्या काढलं तर काही बिघडत नाही. प्रत्यक्षात टोळी एकदा गावाकडे गेली की तिला परत आणायला उचल द्यावी लागते, आणि व्यापारी दुसऱ्या फाटकाला सरावतो. दर दोन दिवस ८७० वर जाऊन पुन्हा हजारावर येईल असं वाटत असेल, तर रोजचे १,८०० जास्तीचे सोसून चालू ठेवणंही बरोबर ठरू शकतं. दोन दिवसांचे ३,६०० आणि टोळी पुन्हा आणायचा खर्च समोरासमोर मांडायचे. उचल-भाडं मिळून दहा हजार लागणार असतील तर चालू ठेवायची. पण दर महिनाभर तिथेच राहणार असेल तर १,८०० गुणिले ३० होतात ५४,०००. तेवढ्यात टोळी पाच वेळा जाऊन येईल.